सड्यावरची चिरेखाण आणि वीज: काम कधी थांबवायचे, कुठे बसायचे आणि जागा कशी राखायची

राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर चिरेखाणीची देखरेख मी काही वर्षे केली. पहिल्या हंगामात विजेविषयी माझ्याकडे कोणताही नियम नव्हता. आभाळ फारच काळे झाले की मुकादम हाक मारत असे आणि सगळे ताडपत्रीच्या खोपीत जाऊन बसत. अशाच एका ऑक्टोबरच्या दुपारी खोपीला लागून असलेल्या जांभळीवर वीज पडली. खोपीत बसलेले तिघे फेकले गेले, त्यांतला एक बेशुद्ध पडला आणि एकाच्या कानाचा पडदा फाटला. तिघेही वाचले, परंतु ज्या ठिकाणी आम्ही माणसांना जायला सांगत होतो तेच ठिकाण सर्वांत वाईट होते, हे त्या दिवशी कळले. त्यानंतर विचारपूस करून, चुका करून आणि घड्याळ लावून सराव करून आम्ही जी पद्धत बसवली, ती चिरेखाणीवर नव्याने देखरेख करू लागलेल्यांसाठी येथे क्रमाने लिहिली आहे. बागेत किंवा भातकापणीवर माणसे लावणाऱ्यांनाही तिचा बराचसा भाग लागू पडेल, मात्र मी उदाहरण खाणीचेच घेणार आहे.

## १. आभाळ कोणत्या बाजूने पाहायचे

किनाऱ्यावरच्या माणसाला पाऊस समुद्राकडून येण्याची सवय असते, कारण जून ते सप्टेंबरचा पाऊस तिकडूनच येतो. विजेचा मुख्य धोका मात्र या मधल्या महिन्यांत नसून त्यांच्या दोन्ही टोकांना असतो: मे महिन्यात आणि जूनच्या सुरुवातीला वळवाच्या पावसात, आणि सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबरभर परतीच्या पावसात. या दिवसांत सकाळी ऊन कडक असते, दुपारी सह्याद्रीच्या माथ्यावर ढग उभे वाढत जातात आणि पूर्वेचे वारे असले की दुपारी उशिरा ते खाली किनाऱ्याकडे सरकतात. म्हणजे वादळ आपल्या पाठीमागून, घाटाच्या बाजूने येते. आमच्या खाणीवर सगळ्यांची तोंडे पश्चिमेला आणि ढग अणुस्कुऱ्याच्या बाजूला, असा प्रकार कित्येकदा झाला आहे.

चिरेखाणीचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो आणि पावसाळ्यापूर्वी संपतो. त्यामुळे धोक्याचे दोन्ही काळ कामाच्या अगदी सुरुवातीला आणि अगदी शेवटी येतात. सुरुवातीला माणसे नवी असतात, शेवटी मागणी पूर्ण करण्याची घाई असते, आणि दोन्ही वेळी कोणालाही थांबायचे नसते.

धोका म्हणजे केवळ वीज थेट अंगावर पडणे, ही समजूत आधी सोडून द्या. थेट आघाताने दगावणाऱ्यांपेक्षा, जवळच्या वस्तूवर पडलेली वीज जमिनीतून पसरून पायांत शिरल्यामुळे किंवा झाडावरून, खांबावरून शेजारच्या माणसावर उडी मारल्यामुळे दगावणारे पुष्कळ अधिक असतात. सड्यावर हा धोका आणखी वाढतो. जांभा वरून सपाट, उघडा आणि कठीण असतो, त्यावर माती नाममात्र असते. त्याच्यातून वीज सहज खोल जात नाही आणि पावसाने भिजलेल्या पृष्ठभागावरून दूरवर पसरते. त्यातच मशीनचे लोखंडी रूळ आणि जनरेटरपासून खाणीपर्यंत टाकलेली लांब केबल हे तिला मिळालेले आयते रस्ते ठरतात.

## २. आधी निवारा ठरवा, नियम नंतर करा

बहुतेक जण आधी काम कधी थांबवायचे याचा नियम करतात आणि मग कुठे जायचे ते पाहतात. मी क्रम उलटा ठेवण्याचा आग्रह धरतो, कारण नियमातला प्रत्येक आकडा निवाऱ्याच्या अंतरावर अवलंबून असतो.

सुरक्षित निवारे दोनच प्रकारचे धरा. पहिला म्हणजे चारी बाजूंनी बंद, वीज आणि पाण्याची जोडणी असलेली पक्की इमारत: शाळा, ग्रामपंचायत, स्लॅबचे घर. वीज पडली तर तिच्या भिंतींतल्या सळ्या, तारा आणि नळ बराचसा प्रवाह जमिनीत नेतात. दुसरा म्हणजे वरून आणि बाजूंनी पूर्ण पत्र्याची बंद गाडी: ट्रक किंवा डंपरची केबिन, मोटार, एस.टी. गाडी. येथे रबरी टायर वाचवतात असे जे सांगितले जाते ते खरे नाही. ज्या विजेने ढगापासून जमिनीपर्यंतची हवा फोडली, तिला टायरच्या जाडीइतके अंतर अडवू शकत नाही. प्रवाह पत्र्याच्या बाहेरून वाहून जमिनीत जातो, म्हणून आतला माणूस वाचतो. यासाठी काचा वर असल्या पाहिजेत आणि हात लोखंडी भागांपासून दूर असले पाहिजेत.

जे निवारे वाटतात परंतु नाहीत, त्यांची यादी मोठी आहे. ताडपत्रीची खोप, चार बांबूंवरचा पत्रा, रस्त्यावरचा उघडा एस.टी. थांबा, देवळाचा उघडा सभामंडप, ताडपत्रीच्या हुडाची रिक्षा आणि केबिन नसलेला ट्रॅक्टर हे पाऊस अडवतात, वीज अडवत नाहीत. काजू, आंबा, जांभूळ यांपैकी कोणत्याही झाडाखाली उभे राहणे हे उघड्यावर उभे राहण्यापेक्षाही वाईट आहे. मोबाईलचा टॉवर वीज ओढून घेतो म्हणून त्याच्या पायथ्याशी सुरक्षित असते, असे आमच्याकडचे काही जण मानत. तो वीज घेतो हे खरे आहे, आणि नेमके म्हणूनच त्याच्या पायथ्याशी थांबू नये.

खाणीचा खड्डा हा सर्वांत फसवा निवारा आहे. आपण जमिनीच्या पातळीखाली आहोत, तेव्हा वीज वरच्या वर जाईल, असे खाली काम करणाऱ्याला वाटते. खोल खड्ड्यात थेट आघाताची शक्यता काही प्रमाणात कमी होते हे मान्य केले, तरी काठावरच्या झाडावर किंवा मशीनवर पडलेली वीज ओल्या जांभ्यातून आणि रुळांवरून खाली येते, आणि माणसे मात्र पावसापासून आडोसा म्हणून नेमकी कापलेल्या भिंतीला टेकून बसतात. खड्डा रिकामा करणे हाच नियम ठेवा.

आमच्याजवळची पक्की इमारत म्हणजे १.४ किलोमीटरवरची शाळा होती. ट्रकच्या केबिनमध्ये तिघे बसू शकत होते आणि खाणीवर माणसे १६ होती. हा हिशोब जमत नव्हता, म्हणून शेवटी मालकाने २० फुटी जुना मालवाहू कंटेनर आणून खाणीपासून सुमारे दीडशे मीटरवर ठेवला. चारी बाजूंनी आणि वरून पोलाद असलेला असा कंटेनर दार लावल्यावर गाडीसारखाच काम देतो. त्याची जमीन लाकडी असते, हा आणखी एक फायदा.

## ३. निघण्याची वेळ उलटी मोजा

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि ३ ने भागा, म्हणजे साधारण किलोमीटर मिळतात. ३० सेकंद म्हणजे सुमारे १० किलोमीटर. वीज पाऊस पडत असलेल्या जागेपासून १० किलोमीटर किंवा त्याहूनही पुढे, डोक्यावर निळे आभाळ असतानाही पडू शकते. म्हणूनच ३० सेकंद किंवा त्याहून कमी अंतर आले की उघड्यावर थांबायचे नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडायचे नाही, असा नियम जगभर वापरला जातो.

येथे नवख्याची एक चूक होते, आणि ती मीही केली. ३० सेकंद झाले की निघायचे, असा अर्थ मी लावला होता. वास्तविक १० किलोमीटर ही निघण्याची रेषा नाही. वादळ १० किलोमीटरवर असताना शेवटचा माणूस आत पोहोचलेला असला पाहिजे. तेव्हा निघण्याची रेषा त्याच्याही अलीकडे असते, आणि ती किती अलीकडे हे तुमच्या खाणीवर मोजावे लागते.

आमचा हिशोब असा होता. ढग ताशी ४० किलोमीटरने सरकतो असे धरले, तर २० किलोमीटरवरून १० किलोमीटरवर यायला त्याला १५ मिनिटे लागतात. शाळेपर्यंत सगळी माणसे पोहोचायला, मशीन थांबवण्यापासून मोजून, २२ मिनिटे लागत होती. म्हणजे २० किलोमीटरवर इशारा मिळूनही आम्ही ७ मिनिटे उशिरा पोहोचलो असतो. कंटेनर आल्यावर पहिल्या सरावात १३ मिनिटे लागली. कागदावर हे १५ मध्ये बसत होते, परंतु इशारा लक्षात यायला आणि निर्णय घ्यायला फक्त २ मिनिटे उरत होती. तेवढ्यात कोणीही निर्णय घेत नाही.

१३ मिनिटे कुठे गेली हे पाहिल्यावर तीन कारणे सापडली. मशीनवाले अर्धा कापलेला चिरा पुरा केल्याशिवाय पाते उचलत नव्हते. दूरच्या खड्ड्यात भोंगा ऐकूच जात नव्हता. आणि माणसे निम्म्या वाटेवरून डबा, मोबाईल आणि वाळत घातलेले कपडे घ्यायला खोपीकडे वळत होती. पहिल्यावर उपाय म्हणून अर्धवट कापलेल्या चिऱ्याचेही पैसे देण्याचे ठरवले, दुसऱ्यावर दुसरा भोंगा बसवला, आणि तिसऱ्यावर डबे आणि मोबाईल ठेवायची फळीच सकाळपासून कंटेनरमध्ये लावली. पुढच्या सरावात ७ मिनिटे लागली. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात आणि नवी टोळी आली की असा सराव घ्या आणि मिनिटे लिहून ठेवा. तुमची वेळ १० मिनिटांच्या वर जात असेल, तर माणसांना घाई करायला सांगण्याऐवजी निवारा जवळ आणा.

## ४. लक्ष ठेवायला एक माणूस नेमा

सेकंद मोजण्याचा नियम चिरेखाणीवर जसाच्या तसा चालत नाही, कारण दगड कापणारी दोन-तीन पाती एकाच वेळी फिरत असताना गडगडाट ऐकू येत नाही. दुपारच्या लख्ख उन्हात दूरची वीज दिसतही नाही. ज्या दोन गोष्टींवर नियम उभा आहे, त्या दोन्ही कामगाराला मिळत नाहीत. म्हणून धोक्याच्या दिवसांत सकाळी ११ नंतर एका माणसाकडे फक्त आभाळाचे काम द्या. आम्ही त्याला टेहळ्या म्हणत असू. तो मशीनपासून दूर उभ्या केलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये घाटाकडे तोंड करून बसत असे. कापलेल्या चिऱ्यांच्या ढिगावर उंच जागी त्याला बसवण्याची चूक करू नका, कारण मग सड्यावरची सर्वांत उंच वस्तू तोच होतो.

त्याच्याजवळ तीन साधने असावीत. पहिले म्हणजे सकाळी पाहिलेला हवामान विभागाचा अंदाज. विभागाचा तीन तासांपुरता तात्काळ अंदाजही जिल्हावार मिळतो. त्यात विजांचा उल्लेख असेल, तर तो दिवस सकाळीच धोक्याचा धरायचा. दुसरे म्हणजे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप. ते प्रत्यक्ष पडलेल्या विजा नकाशावर दाखवते आणि आपल्या जागेभोवती २० आणि ४० किलोमीटरची वर्तुळे देते. त्यासाठी फोनचे लोकेशन चालू असावे लागते आणि सड्यावर रेंज असावी लागते. ती आमच्याकडे ट्रक उभा असे तिथेच मिळत होती, म्हणून ट्रक तिथे असे. तिसरे साधन म्हणजे शांतता: घाटाकडे ढग उभे दिसू लागले की दर २० मिनिटांनी सगळी मशीन २ मिनिटे बंद करून कान देणे. ॲपवर काहीच नसताना या शांततेत गडगडाट ऐकू आला, असे आमच्याकडे एकाच हंगामात दोनदा घडले. म्हणून ॲप स्वच्छ दिसते हे काम चालू ठेवण्याचे कारण कधीही मानू नका. गडगडाट ऐकू येतो आहे याचा अर्थच आपण टप्प्यात आहोत असा होतो.

## ५. थांबण्याचा आदेश

आदेश देण्याचा अधिकार टेहळ्याकडे द्या आणि तो मालकाला फोन करून विचारणार नाही हे मालकासमोरच ठरवा. आमचे दोन टप्पे होते. ४० किलोमीटरच्या वर्तुळात विजा दिसू लागल्या की एक लांब भोंगा: ट्रक भरणे थांबवायचे, नवा काप सुरू करायचा नाही, दूरच्या खड्ड्यातल्या माणसांनी वर यायचे. २० किलोमीटरच्या वर्तुळात वीज आली, किंवा कोणत्याही क्षणी गडगडाट ऐकू आला, की तीन आखूड भोंगे: पाते उचलून मशीन बंद, जनरेटर बंद, केबलचा प्लग काढून बाजूला, आणि सरळ कंटेनरकडे. टोळीत मराठी न कळणारी माणसेही असतात, म्हणून शब्दांपेक्षा भोंग्याचे आवाज ठरवून ठेवणे बरे.

जनरेटरविषयी एक सूचना. केबल सोडवण्याचे काम दुसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीलाच व्हावे. वादळ डोक्यावर आल्यावर आठवले, तर ती तशीच राहू द्या. मशीन जळाली तर दुरुस्त होते.

मुकादम शेवटी निघेल आणि दारात हजेरीपट घेऊन माणसे मोजेल. रस्त्यात असतानाच वादळाने गाठले, तर एकमेकांत निदान १५–२० पावले अंतर ठेवून चालत राहायचे, झाडांपासून आणि रुळांपासून लांब, म्हणजे एका आघातात सगळे सापडणार नाहीत आणि मदत करायला कोणीतरी उभे राहील. जमिनीवर आडवे झोपू नये. पाय जुळवून उकिडवे बसण्याचा सल्ला अनेक पत्रकांत असतो, परंतु त्याने माणूस सुरक्षित होत नाही. तो करण्याची पाळी आली म्हणजे आधीचे सगळे चुकले आहे. चालणे शक्य असेल तोवर निवाऱ्याकडे चालत राहा.

## ६. आत बसणे आणि ३० मिनिटांचे घड्याळ

कंटेनरमध्ये मधोमध ठेवलेल्या लाकडी बाकांवर बसायचे, पत्र्याला टेकायचे नाही, दाराची मूठ धरून कोणी उभे राहायचे नाही. १६ माणसे बसल्यावर आत विलक्षण उकडते आणि माणसे दार सताड उघडून उंबऱ्यात बसू पाहतात. एक पाय आत आणि एक जमिनीवर ही सर्वांत वाईट जागा आहे. आम्ही समोरासमोर दोन लहान खिडक्या कापून त्यांना चौकटीला वेल्ड केलेली लोखंडी जाळी बसवली आणि पाण्याचा पिंप आत ठेवला, तेव्हा हा प्रश्न बराच सुटला.

एका ऑक्टोबरच्या दिवसाची नोंद येथे देतो. २ वाजून ४० मिनिटांनी पहिला भोंगा झाला. ३ वाजून ५ मिनिटांनी ॲपवर २० किलोमीटरच्या आत वीज दिसली, तीन भोंगे झाले. ३ वाजून १३ मिनिटांनी सगळे आत होते. ३ वाजून २१ मिनिटांनी चमक आणि आवाज यांत १८ सेकंद मोजले, म्हणजे ६ किलोमीटर. ३ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास पाऊस जोरात झाला आणि १० मिनिटांत थांबला. ऊनही पडले. ४ वाजून २ मिनिटांनी गडगडाट झाला, तिथून घड्याळ लावले. ४ वाजून ३२ ला बाहेर पडायचे होते, परंतु ४ वाजून २५ मिनिटांनी, ऊन असतानाच, पश्चिमेला पुन्हा गडगडाट ऐकू आला. घड्याळ शून्यावर आले आणि वेळ ४ वाजून ५५ मिनिटे झाली. त्यानंतर काही ऐकू आले नाही, परंतु खड्ड्यात पाणी साचल्याने त्या दिवशी काम पुन्हा सुरू झाले नाही.

या नोंदीतली ४ ते ४.२५ ही वेळ पाहा. पाऊस थांबलेला, ऊन पडलेले, माणसे कंटाळलेली आणि ‘आता गेले वादळ’ असे प्रत्येक जण म्हणत असलेला. वादळ पुढे सरकल्यावरही त्याच्या मागच्या भागातून विजा पडत राहतात. ३० मिनिटे गडगडाटापासून मोजायची असतात, पावसापासून नव्हे, आणि प्रत्येक नव्या गडगडाटाला ती पहिल्यापासून सुरू होतात. वेळ एकाने पाटीवर खडूने लिहावी, म्हणजे वाद होत नाही.

## ७. थांबलेल्या वेळेची मजुरी

हा विषय विजेचा वाटणार नाही, परंतु आमची पद्धत पहिल्या हंगामात मोडली ती इथेच. चिऱ्याचे काम नगावर चालते. दोन तास थांबले की दोन तासांचे चिरे गेले, आणि ते मजुराच्या खिशातून गेले. असा माणूस भोंगा ऐकूनही ऐकत नाही, आणि टेहळ्यालाही सहकाऱ्यांचे पैसे बुडवण्याचा संकोच वाटून तो भोंगा उशिरा देतो. आम्ही शेवटी थांबलेल्या प्रत्येक तासाला ठरावीक हजेरी लावली. मालकाने कुरकुर केली, परंतु हंगामात असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. तुमच्याकडे हे ठरलेले नसेल, तर बाकीची तयारी कागदावरच राहील, असे माझे मत आहे.

## ८. जागेचे संरक्षण

कंटेनर स्वतःच पोलादी असल्याने त्यावर वेगळा वीजरोधक उभारण्याची गरज आम्हाला पडली नाही. त्याचा पत्रा पातळ असतो आणि थेट आघाताने छताला भोक पडू शकते, परंतु पत्र्याला न टेकलेली माणसे सुरक्षित राहतात. खरा प्रश्न त्याच्या बुडाशी असतो. आलेला प्रवाह जमिनीत जाताना कंटेनरभोवतीची जमीन पायाखाली धोकादायक बनते, आणि जांभ्यावर ती अधिक बनते.

गावातला वायरमन सहसा एक सळई ठोकून अर्थिंग झाले असे सांगतो. सड्यावर सळई दीड-दोन फुटांपलीकडे जात नाही आणि कोरड्या जांभ्यात तिचा उपयोगही थोडाच होतो. त्याऐवजी कंटेनरभोवती बंद कडे टाका. आम्ही भिंतींपासून १ मीटर अंतरावर चारी बाजूंनी सुमारे अर्धा मीटर खोल चर काढला. तो काढायला चिरे कापायची मशीनच वापरली, त्यामुळे एका दिवसात काम झाले. त्यात २५ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड जस्तलेपित पट्टी टाकून तिची टोके जोडली, चारी कोपऱ्यांतून कंटेनरच्या सांगाड्याला पट्ट्या नेल्या आणि चर बाहेरून आणलेल्या मातीने आणि बेंटोनाइट या ओलावा धरणाऱ्या चिकणमातीने भरला. हे कडे प्रवाहाला पसरायला लांबी देते आणि आतल्या भागातली जमीन व कंटेनर यांच्यातला विजेच्या दाबाचा फरक कमी करते. सड्यावर एकट्या सळईपेक्षा ते श्रेष्ठ ठरते ते या दुसऱ्या कारणामुळे.

त्यावर, कंटेनरच्या चहूबाजूंनी ३ मीटरपर्यंत काळ्या दगडाची १५ सेंटिमीटर जाडीची खडी पसरा. ओल्या जमिनीपासून पाय तोडण्याचे काम ती करते. तिच्यात माती आणि चिऱ्याचा भुसा भरला की गुण जातो, म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला ती पाहावी लागते. वीजसंरक्षणासाठी आपल्याकडे आयएस/आयईसी ६२३०५ हे मानक आहे. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून काम करून घेताना त्याला हे नाव सांगा आणि मीटर लावून मोजलेल्या रोधाची लेखी नोंद मागा. १० ओहमच्या आत यावा असे सांगितले जाते. कोरड्या सड्यावर तेवढा आला नाही, तर दुसरे कडे किंवा खोल बोअरमधला इलेक्ट्रोड याविषयी त्याचे मत घ्या. खाऱ्या हवेत जोड लवकर गंजतात. वरून रंगवलेला बोल्ट आतून सुटलेला मी पाहिला आहे, म्हणून जोड शक्यतो वेल्ड करून घ्या आणि वर्षातून एकदा उघडे करून पाहा.

आणखी दोन गोष्टी. कंटेनर झाडाशेजारी ठेवू नका, आणि त्यात जनरेटरची वीज घेतली असेल तर प्लग बाहेरून काढता येईल अशी सोय ठेवा.

## ९. वीज लागली तर

वीज लागलेल्या माणसाच्या शरीरात वीज उरत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. शेणात किंवा मातीत पुरण्याचा प्रकार अजूनही होतो, आणि त्यात नेमकी ती मिनिटे जातात ज्यांत माणूस वाचला असता. अनेकांना लागली असेल तर ओरडणाऱ्याकडे आधी जाऊ नका, कारण तो श्वास घेतो आहे. निपचित पडलेल्याकडे आधी जा. विजेने हृदय थांबते, ते काही वेळा आपोआप सुरू होते, परंतु श्वास त्यानंतरही बंदच राहतो, आणि त्याला श्वास मिळाला नाही तर हृदय पुन्हा थांबते. म्हणून छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, निदान ५ सेंटिमीटर खोल दाब द्या, दर ३० दाबांनंतर तोंडाने २ श्वास द्या, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. वादळ चालू असेल तर आधी त्याला ओढून आत घ्या. जो उठून बसला आणि ‘काही झाले नाही’ म्हणतो, त्यालाही रुग्णालयात न्या. आमच्या त्या तिघांपैकी एकाच्या कानाचे दुखणे दुसऱ्या दिवशी कळले.

## १०. जवळ ठेवायची साधने आणि कागद

खाणीवर असावे:

- दोन हातभोंगे, आणि आवाजांचा अर्थ चित्राने दाखवणारी पाटी
- दामिनी ॲप असलेला चार्ज केलेला फोन आणि पॉवर बँक
- घड्याळ, पाटी आणि खडू
- रोजचा हजेरीपट, मूळ गाव आणि घरचा फोन यांसह
- वीज-नोंदवही: तारीख, दोन्ही भोंग्यांच्या वेळा, शेवटचा माणूस आत आल्याची वेळ, शेवटचा गडगडाट, काम सुरू केल्याची वेळ
- अर्थिंगच्या मोजणीचा दाखला

मृत्यू झाल्यास राज्य सरकारच्या निकषांनुसार वारसांना ४ लाख रुपयांची मदत मिळते आणि प्रकरण तहसील कार्यालयातून चालते. त्यासाठी महसूल विभागाचा पंचनामा, पोलिसांकडची नोंद, शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रे आणि बँकेचे पासबुक लागते. घाईने मृतदेह गावी नेला आणि शवविच्छेदन राहिले, तर मृत्यू विजेने झाला हे पुढे दाखवता येत नाही. बाहेरच्या राज्यातून आलेल्या मजुरांच्या बाबतीत ही घाई फार होते, म्हणून त्यांच्या नातेवाइकांशी बोलणाऱ्याने हे आधी सांगावे आणि पंचनाम्याची प्रत हजेरीपटाच्या प्रतीसह त्यांच्या हाती द्यावी.